सरासरी काढली की तुकडे सुटतात

तीन संख्या ओळीने लिहू: (५, १, ३). त्यांच्या जागा बदलण्याचे सहा प्रकार आहेत. काहीच न हलवणे हा एक, कुठल्याही दोघींची अदलाबदल करण्याचे तीन, आणि तिघींना गोल फिरवण्याचे दोन. यांतल्या कोणत्याही दोन कृती एकामागून एक केल्या, तरी परिणाम या सहांपैकीच एका कृतीचा असतो. शिवाय केलेली कृती उलटवणारी कृतीही या सहांतच सापडते. अशा संचाला गणितात ग्रुप म्हणतात. सदस्य मोजके असले, तर तो सांत ग्रुप.

(क, ख, ग) अशा सगळ्या त्रिकुटांचे मिळून एक त्रिमितीय अवकाश होते. आपल्या सहा कृती या अवकाशाला आतल्या आत हलवतात, आणि हलवताना बेरीज व पट जसेच्या तसे राखतात. ग्रुपच्या सदस्यांना अवकाशावरच्या अशा कृती नेमून देणे म्हणजे त्या ग्रुपचे रिप्रेझेंटेशन. बर्लिनच्या फ्रोबेनियस यांनी १८९६ पासून या विषयाचा पाया घातला. एखादे मोठे रिप्रेझेंटेशन लहान, आणखी न फुटणाऱ्या तुकड्यांत सुटे करता येते का, हा त्यातला अगदी पहिला प्रश्न. सांत ग्रुप आणि संमिश्र संख्या असतील, तर याचे उत्तर नेहमी ‘होय’ असते. हा सिद्धान्त हाइनरिख माश्के यांच्या नावाने ओळखला जातो. ब्रेस्लाउमध्ये जन्मलेल्या आणि पुढे शिकागो विद्यापीठात शिकवणाऱ्या माश्केंनी तो १८९८-९९ मध्ये मांडला. आज वर्गात शिकवली जाणारी सिद्धता एका सरासरीवर उभी आहे, आणि ती आपल्या त्रिकुटांवर पूर्ण पाहता येते.

(क, क, क) अशी तिन्ही संख्या समान असलेली त्रिकुटे घ्या. ती सगळी एका रेषेवर असतात, आणि जागा कशाही बदलल्या तरी त्या रेषेवरच राहतात. म्हणजे एक तुकडा हाती लागला. आता उरलेला भाग हवा: रेषेला पूरक ठरेल असे एक प्रतल, म्हणजे द्विमितीय पातळी. मात्र सहाही कृतींनी त्यातली त्रिकुटे त्यातच राहिली पाहिजेत. खरी अडचण इथेच आहे. पूरक प्रतले हवी तेवढी मिळतात, पण त्यांतली बहुतेक कृती करताच हलतात.

मुद्दाम एक वाईट निवड करू. नियम असा: (क, ख, ग) आले की पहिली संख्या तीनदा लिहायची, म्हणजे (क, क, क). हा रेषेवरचा प्रक्षेप झाला. कोणतेही त्रिकूट तो रेषेवर आणतो, आणि जे आधीच रेषेवर आहे त्याला हात लावत नाही. ज्या त्रिकुटांचे तो शून्य करतो, म्हणजे ज्यांची पहिली संख्या ० आहे, त्यांचे मिळून एक पूरक प्रतल होते. पण (०, १, ०) मधल्या पहिल्या दोन संख्यांची अदलाबदल केली, की (१, ०, ०) मिळते आणि आपण प्रतलाबाहेर पडतो. नियमाने पहिल्या जागेला झुकते माप दिले होते, त्याचा हा परिणाम.

आता हाच नियम ग्रुपच्या प्रत्येक सदस्याच्या बाजूने पाहायचा. आधी उलटी कृती, मग आपला प्रक्षेप, मग सुलटी कृती. तसे केले की सहा नवे प्रक्षेप मिळतात. दोन वेळा पहिली संख्या निवडली जाते, दोन वेळा दुसरी, दोन वेळा तिसरी. सहांची बेरीज करून सहाने भागले, की प्रत्येक जागी (क + ख + ग) ÷ ३ येते. (५, १, ३) चे होते (३, ३, ३). हा नवा प्रक्षेप ज्यांचे शून्य करतो, ती त्रिकुटे म्हणजे क + ख + ग = ० असलेली. जागा बदलल्याने बेरीज बदलत नाही, म्हणून हे प्रतल सहाही कृतींपुढे टिकते.

हे एका उदाहरणापुरते जमून आलेले नाही. अवकाश कोणतेही असो, त्यातला टिकणारा भाग घ्या आणि त्यावरचा कुठलाही प्रक्षेप घ्या. त्या भागातले काहीही उलट्या कृतीने त्याच भागात राहते, प्रक्षेप त्याला हात लावत नाही, आणि सुलटी कृती त्याला मूळ जागी आणते. म्हणून सरासरीही त्याला जसेच्या तसे ठेवते, म्हणजे ती प्रक्षेपच असते. वर ग्रुपची आणखी एक कृती चढवली, तर बेरजेतल्या पदांचा फक्त क्रम बदलतो, बेरीज तीच राहते. त्यामुळे आधी सरासरी-प्रक्षेप केला काय किंवा आधी कृती केली काय, उत्तर एकच येते. मग ज्याचे शून्य होते, त्याच्यावर कृती केल्यानंतरही शून्यच होते. पूरक भाग टिकतो तो यामुळे. त्या भागातही लहान टिकणारा तुकडा सापडला, तर हेच पुन्हा करायचे. मिती दर वेळी घटते, म्हणून कधीतरी थांबावेच लागते.

आपल्या प्रतलाचे आणखी तुकडे पडत नाहीत. त्यातल्या एखाद्या रेषेने पहिल्या दोन जागांची अदलाबदल सोसायची, तर ती (१, १, −२) ची किंवा (१, −१, ०) ची असावी लागते. शेवटच्या दोन जागा बदलताच या दोन्ही रेषा मोडतात. मात्र ग्रुप लहान करून फक्त गोल फिरवण्याच्या कृती ठेवल्या, तर हेच प्रतल (१, ω, ω²) आणि (१, ω², ω) यांच्या दोन रेषांत फुटते. इथे ω म्हणजे १ चे संमिश्र घनमूळ. वास्तव संख्यांत या रेषा दिसत नाहीत. तुकडे सुटे होण्यासाठी संमिश्र संख्यांची गरज नसते, ते शेवटपर्यंत बारीक व्हावेत म्हणून असते.

सिद्धतेत नाजूक जागा एकच आहे: सदस्यसंख्येने भागणे. सदस्य अनंत असतील, तर ही सरासरी अशी काढता येत नाही. (क, ख) चे (क + ख, ख) करणारी कृती पुन्हा पुन्हा करत गेलो, तर (क, ०) ची रेषा टिकते, पण तिला टिकणारा जोडीदार मिळत नाही. दुसरा धोका अंकगणितातला. ३ म्हणजे ० मानणाऱ्या अंकगणितात ६ ही ० होतो, आणि त्याने भागता येत नाही. तिथे (१, १, १) ची बेरीजही ० होते. म्हणजे आपली रेषा थेट त्या प्रतलातच जाऊन बसते, आणि तिला टिकणारे पूरक प्रतल उरत नाही.

वाचकांनी कागद-पेन्सिल घेऊन दुसऱ्या एखाद्या नियमापासून सुरुवात करून पाहावी. उदाहरणार्थ, २क − ख ही संख्या तीनदा लिहा. सहा बाजूंची सरासरी पुन्हा (क + ख + ग) ÷ ३ हीच येईल. इथे सुरुवात कुठूनही केली तरी शेवट एकच असतो, कारण ती रेषा आणि ते प्रतल एकमेकांसारखे नाहीत. सारख्याच प्रकारचे तुकडे अनेकदा आले, तर पूरक भाग निवडण्यात मोकळीक उरते आणि वेगळ्या सुरुवातीने वेगळे पूरक मिळू शकते. पण सदस्यसंख्येने भागता येत असेल, तर एक तरी पूरक मिळतेच.