धुक्यात उमटणारे पट्टे

रात्रीचे आकाश, बोगद्याच्या टोकाचा मिणमिणता दिवा, झाडांमध्ये साचलेले धुके. मोबाइलवर असे गडद दृश्य आले की पुष्कळदा पडद्यावर रुंद पट्टे दिसू लागतात. काळा रंग जिथे अलगद करड्यात विरघळायला हवा, तिथे नकाशावरच्या समोच्च रेषांसारख्या कडा उमटतात आणि दृश्य हलले की त्या सरकतातही. एप्रिल २०१९ मध्ये ‘गेम ऑफ थ्रोन्स’चा ‘द लाँग नाइट’ हा जवळजवळ पूर्ण रात्रीत घडणारा भाग प्रसारित झाला, तेव्हा प्रेक्षकांच्या तक्रारींमध्ये अंधाराबरोबर हे पट्टेही होते. या दोषाला बँडिंग म्हणतात. व्हिडिओत कॉम्प्रेशनमुळे तो आणखी वाढतो. पण त्याचे मूळ नीट दिसते ते गेममध्ये, कारण तिथे चित्र आधीच बनवून पाठवलेले नसते. प्रत्येक फ्रेम फोन स्वतः त्या क्षणी रंगवत असतो, आणि छटा नेमकी कुठे हरवली हे शोधता येते.

फोनच्या नेहमीच्या चित्रात लाल, हिरवा आणि निळा या प्रत्येक रंगाला ८ बिट मिळतात, म्हणजे ० ते २५५ अशा २५६ पातळ्या. ऐकायला हे पुष्कळ वाटते. पण समजा, एका गेममध्ये जमिनीलगतचे धुके ३० या पातळीवर आहे आणि वरचे आकाश १२ वर. २४०० पिक्सेल उंचीच्या पडद्यावर एवढा प्रवास करायला हाताशी फक्त १८ टप्पे आहेत. म्हणजे एकच छटा सलग १३३ पिक्सेल टिकणार. इंचाला ४०० पिक्सेल असलेल्या फोनवर हा पट्टा सुमारे साडेआठ मिलिमीटर रुंद होतो. पडद्यावर पिक्सेल वाढवून इथे काही साधत नाही. दुप्पट पिक्सेल दिले तरी टप्पे १८च राहतात आणि पट्ट्याची रुंदीही साडेआठ मिलिमीटरच राहते.

मग हा दोष अंधारातच का बोचतो? कारण पातळ्यांमधले अंतर प्रकाशाच्या हिशेबात सारखे नसते. फोनवर सर्रास वापरल्या जाणाऱ्या sRGB या मापात पातळी २०० वरून २०१ वर गेलो, तर प्रकाश सुमारे १.१ टक्क्याने वाढतो. १२ वरून १३ वर गेलो, तर तो साडेनऊ टक्क्यांनी वाढतो. चांगल्या उजेडात शेजारच्या दोन छटांमधला एक ते दोन टक्के फरक डोळ्याला कळतो. काळोखात ही क्षमता कमी होते, पण साडेनऊ टक्क्यांची उडी सहज लपत नाही, विशेषतः अंधाऱ्या खोलीत पडद्याची ब्राइटनेस चढवून पाहत असू तर. त्यात डोळा स्वतःची भर घालतो. दोन सपाट छटा एकमेकींना भिडतात तिथे त्याला उजळ बाजू अधिक उजळ आणि गडद बाजू अधिक गडद भासते. अर्न्स्ट माख या भौतिकशास्त्रज्ञाने १८६५ मध्ये याचे वर्णन केले होते. मोजणीत बारीक असलेली कडा डोळ्याला ठसठशीत दिसते ती यामुळे.

यावरचा उपाय पहिल्यांदा ऐकताना उलटा वाटतो: चित्रात मुद्दाम थोडा गोंगाट मिसळायचा. लॉरेन्स रॉबर्ट्स यांनी एमआयटीत शिकताना हे चित्रांसाठी मांडले आणि १९६२ मध्ये त्यावरचा निबंध प्रसिद्ध झाला. पुढे इंटरनेटची पूर्वज असलेल्या आर्पानेटच्या उभारणीसाठी जग ज्यांना ओळखू लागले, तेच हे रॉबर्ट्स. धुक्याच्या एखाद्या ठिकाणी हिशेबाने छटा १२.३ येते असे धरू. साधे पूर्णांक करायला गेलो तर तिथला प्रत्येक पिक्सेल १२ होईल आणि ते .३ कायमचे जाईल. त्याऐवजी प्रत्येक पिक्सेलमध्ये ० ते १ यांमधली एक यादृच्छिक संख्या मिळवायची आणि मग अपूर्णांक सोडून द्यायचा. आता शंभरातले साधारण सत्तर पिक्सेल १२ होतात, तीस १३ होतात, आणि त्यांची सरासरी १२.३ येते. हे डिथरिंग. फोनचे पिक्सेल इतके बारीक असतात की डोळा एकेक वेगळा न पाहता ती सरासरीच पाहतो. पट्ट्याची कडा नाहीशी होते आणि तिच्या जागी जेमतेम जाणवणारा रवा येतो.

‘इनसाइड’ हा गेम याचे माझ्या मते सर्वांत सुंदर उदाहरण आहे. कोपनहेगनच्या प्लेडेड या कंपनीने तो २०१६ मध्ये आणला आणि पुढच्या वर्षी तो आयफोनवरही आला. त्याची सारी दुनिया करड्या धुक्याची, टॉर्चच्या झोतांची, ओल्या अंधाराची. बँडिंगला याहून सोयीची जागा नाही. त्याचे चित्रण करणाऱ्या मिकेल ग्योल आणि मिकेल स्वेंडसेन यांनी २०१६ च्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये आपली पद्धत उघडपणे सांगितली, आणि त्यातली एक बारीक गोष्ट फार मोलाची आहे. वर सांगितलेला साधा गोंगाट पुरेसा नसतो. छटा बरोबर १२.० असेल तिथे सगळे पिक्सेल १२च राहतात, रवा उरतच नाही, १२.५ पाशी तो सर्वाधिक असतो. म्हणजे रंगाचे पट्टे गेले, तरी गुळगुळीत आणि रवाळ असे नवे पट्टे आलटून पालटून तयार होतात. त्यासाठी दोन यादृच्छिक संख्यांची बेरीज घ्यायची, म्हणजे गोंगाट दोन पातळ्यांवर त्रिकोणी आकारात पसरतो. मग रवा सगळीकडे सारखा राहतो आणि नजर त्याच्यावर अडत नाही. फक्त शून्याच्या अगदी जवळ ऋण बाजूचा गोंगाट कापला जातो आणि निखळ काळा किंचित उजळतो, म्हणून तिथे त्याचा पसारा आवरता घ्यावा लागतो.

गोंगाट कधी मिसळायचा, हा प्रश्न तितकाच महत्त्वाचा. छटा ८ बिटांत बसवली जाते, त्याच्या आधीच तो मिसळला पाहिजे. पट्टे पडून गेल्यावर वरून टाकलेला रवा त्यांना थोडे झाकतो, पण गेलेला अपूर्णांक परत आणत नाही. आणि ८ बिटांत बसवणे शेवटी एकदाच होते असे नाही. गेममधले धुके बहुधा पारदर्शक थर एकावर एक चढवून बनते. एका थराची अपारदर्शकता २ टक्के आणि रंग २० असेल, तर काळ्या पार्श्वभूमीवर तो ०.४ एवढीच भर घालतो, आणि तिचे पूर्णांकात शून्य होते. असे तीस थर चढवले तर छटा ९ च्या आसपास यायला हवी. प्रत्यक्षात ती शून्यावरच राहते, कारण प्रत्येक थर आपापल्या पायरीवर पुसला जातो. शेवटच्या चित्रावर कितीही डिथरिंग केले तरी हे धुके परत येणार नाही. प्रत्येक थराला बाहेर पडतानाच स्वतःचा गोंगाट द्यावा लागतो.

फोनवर आणखी दोन ठिकाणी घोटाळा होतो. बॅटरी वाचवण्यासाठी पुष्कळ गेम कमी पिक्सेलांत चित्र काढतात आणि मग ते ताणून पडदाभर करतात. ताणण्याआधी डिथरिंग केले असेल तर बारीक रव्याचे ढोबळ डाग होतात. ते ताणल्यानंतर, पडद्याच्या खऱ्या पिक्सेलवर व्हायला हवे. दुसरे म्हणजे गोंगाटाचे माप. sRGB मधले रूपांतर ग्राफिक्स चिप शेवटी स्वतः करत असेल, तर त्याआधी मिसळलेला १/२५५ एवढा गोंगाट १२ व्या पातळीपाशी हव्या त्याच्या ११ पट मोठा ठरतो. अंधारावर वाळू फेकल्यासारखे दिसते ते यामुळे.

काही पट्टे मात्र डिथरिंगने जातच नाहीत, कारण छटा पडद्यापर्यंत येण्याच्या खूप आधी, हिशेबातच हरवलेली असते. फोनची ग्राफिक्स चिप वीज वाचवण्यासाठी दोन अचूकतांमध्ये गणित करते. `highp` म्हणजे ३२ बिटांचे पूर्ण गणित, आणि `mediump` बहुतेक फोनवर १६ बिटांचे. धुके किती दाट दाखवायचे हे वस्तूच्या अंतरावरून ठरते, आणि ते अंतर ० ते १ या मापातल्या खोलीच्या नोंदीवरून काढतात. ही नोंद सरळ प्रमाणात नसते; दूरची बहुतेक अंतरे १ च्या अगदी जवळ गर्दी करून बसतात. आणि १ च्या खाली १६ बिटांच्या गणिताची पायरी ०.०००४९ एवढी ढोबळ असते. कॅमेऱ्याची जवळची मर्यादा १० सेंटिमीटर आणि दूरची १००० मीटर धरून मी हा हिशेब मांडला. शेवटची जी अंतरे हे गणित वेगळी ओळखू शकते ती अशी निघतात: ४९ मीटर, ६४, ९३, १७० आणि त्यानंतर थेट १०००. मधल्या साऱ्या डोंगरांना आणि झाडांना या पाचांपैकी एकाच दाटीचे धुके मिळते. इथे दोन पट्ट्यांमधला फरक दहा-वीस पातळ्यांचा असू शकतो, आणि एक-दोन पातळ्यांच्या गोंगाटाने तो भरून निघणे शक्य नाही.

हा दोष गेम बनवणाऱ्याच्या नजरेतून सुटतो, कारण त्याच्या डेस्कटॉप संगणकाची चिप `mediump` ही सूचना सहसा मानत नाही आणि सगळेच ३२ बिटांत मोजते. तिथे धुके मऊ दिसते, फोनवर त्याच्या भिंती होतात. अंतराचा हिशेब `highp` मध्ये नेला की त्या जातात. खोलीची नोंद जिथून वाचतात त्या `sampler2D` लाही `highp` म्हणावे लागते, कारण काही न सांगितल्यास तो सर्वांत कमी अचूकता धरतो. गोंगाट बनवणारे सूत्रही पिक्सेलच्या क्रमांकावर चालते, आणि १०२४ च्या पुढे १६ बिटांत अपूर्णांक मावत नाही. त्यामुळे `mediump` मध्ये गोंगाटाच्याच रेषा पडतात. रंगाचे बाकीचे गणित मात्र खुशाल `mediump` मध्ये ठेवावे; सगळेच `highp` केले तर फोन विनाकारण तापतो.

पडदाच १० बिटांचा घेतला तर? आपल्या उदाहरणातले १८ टप्पे ७२ होतात आणि पट्टा दोन मिलिमीटरवर येतो. ही सुधारणा खरी आहे, आणि पिक्सेलमागे जागाही तेवढीच, ३२ बिट लागते. फक्त पारदर्शकतेसाठी दोनच बिट उरतात. पण अंधारातली उडी तरीही दोन टक्क्यांच्या वर राहते, म्हणून डिथरिंग सोडता येत नाही. शिवाय फोनचा पडदा १० बिटांचा असला तरी अॅपने तसे चित्र मागितले नाही तर ८ बिटांचेच मिळते. प्रत्येक रंगाला १६ बिट दिले तर मधल्या टप्प्यांवरची छटा चांगली जपली जाते, पण १०८० बाय २४०० च्या एका फ्रेमचे १०.४ मेगाबाइट दुप्पट होतात आणि तेही सेकंदाला साठ वेळा लिहायचे. फोनवर मेमरीची ही ये-जा थेट बॅटरीतून वजा होते.

दोष नेमका कुठे आहे हे कोणालाही तपासता येईल. पट्टे दिसत असताना स्क्रीनशॉट घ्यायचा, फोटो एडिटरमध्ये उघडून खूप मोठा करायचा आणि रंगाचा अंक दाखवणाऱ्या साधनाने कडेच्या दोन्ही बाजूंचे अंक वाचायचे. फरक बरोबर १ असेल, तर ८ बिटांची मर्यादा गाठली आहे आणि डिथरिंग केलेले नाही. लाल-निळ्यातला फरक ८ किंवा ९ असेल, तर चित्र कुठेतरी लाल-निळ्याला ५ बिट देणाऱ्या जुन्या १६ बिटी साच्यातून गेले आहे. उड्या मोठ्या आणि अंतरागणिक बदलणाऱ्या असतील, तर संशय `mediump` वर. आणि स्क्रीनशॉटमध्ये १२ आणि १३ चे व्यवस्थित मिश्रण सापडले, तरीही डोळ्याला पट्टे दिसत असतील, तर दोष पडद्याच्या पॅनेलचा. ही तपासणी मूळ फाइलवरच करायला हवी. मेसेजवरून फोटो म्हणून पाठवलेल्या प्रतीत कॉम्प्रेशन तो बारीक रवा पुसून टाकते आणि चांगल्या गेमवरही पट्टे उमटवते.