महासंगणकाला गाठणारा घरगुती संगणक

अमेरिकी संगणकशास्त्रज्ञ जॉन बेंटली यांनी १९८४ साली दोन यंत्रांची तुलना मांडली. एकीकडे क्रे-१ हा लाखो डॉलरचा महासंगणक, तर दुसरीकडे दुकानात सुमारे ६०० डॉलरला मिळणारा टीआरएस-८० हा घरगुती संगणक. क्रेवरचा प्रोग्राम फोरट्रानमध्ये बारकाईने घोटलेला होता, टीआरएस-८० वरचा मात्र संथ बेसिकमध्ये. दोघांना प्रश्न एकच दिला होता, पण तो सोडवण्याची रीत वेगळी होती.

प्रश्न असा: अधिक-उणे संख्यांच्या रांगेतला कोणता सलग तुकडा सर्वांत मोठी बेरीज देतो? समजा, रांग आहे 3, −5, 4, 6, −2, 7, −9, 1. इथे 4, 6, −2, 7 हा तुकडा १५ देतो, त्याहून मोठी बेरीज कुठेच मिळत नाही.

सरळ मार्ग म्हणजे प्रत्येक सुरुवात आणि प्रत्येक शेवट धरून मधल्या संख्यांची बेरीज करणे. त्यासाठी एकात एक असे तीन लूप लागतात, म्हणून रांगेत n संख्या असतील तर काम n³ च्या पटीत वाढते. क्रेला हीच रीत दिली होती.

टीआरएस-८० ला मिळाली ती संख्याशास्त्रज्ञ जोसेफ कडाने यांची रीत. रांगेतून एकदाच चालत जायचे, चालू बेरीज जवळ ठेवायची आणि ती शून्याखाली गेली की टाकून द्यायची. वरच्या रांगेत 3 नंतर −5 येताच बेरीज −२ होते. असे ओझे पुढे नेण्यात फायदा नाही, म्हणून पुन्हा शून्यापासून सुरुवात. मग ४, १०, ८, १५, ६, ७ अशी बेरीज सरकते. वाटेत दिसलेली सर्वांत मोठी बेरीज, म्हणजे १५, हे उत्तर. प्रत्येक संख्या एकदाच पाहिली, म्हणून काम n च्या पटीत.

क्रेला लागणारा वेळ सुमारे 3n³ नॅनोसेकंद होता, टीआरएस-८० ला 19,500,000n नॅनोसेकंद. हजार संख्यांसाठी क्रे ३ सेकंदांत मोकळा होतो, टीआरएस-८० ला जवळपास २० सेकंद लागतात. संख्या दहा हजार झाल्या की चित्र उलटते: क्रेला ५० मिनिटे, टीआरएस-८० ला सव्वातीन. दहा लाख संख्यांना टीआरएस-८० साडेपाच तासांच्या आत उत्तर देतो, क्रेला मात्र ९५ वर्षे लागतील.

म्हणजे ३ आणि १ कोटी ९५ लाख एवढी तफावत असलेले गुणक शेवटी निष्प्रभ ठरले. ते यंत्र, भाषा आणि प्रोग्रामरच्या कौशल्यावर ठरतात, वाढीचा प्रकार मात्र अल्गोरिदमवर ठरतो. इथे दोन्ही यंत्रांचे वेळ साधारण २,५५० संख्यांपाशी बरोबरीत येतात. क्रे हजारपट वेगवान केला तरी ही सीमा फक्त ८० हजारांच्या आसपास सरकते आणि त्यापुढे तो पुन्हा मागे पडतो. म्हणूनच बिग-ओ चिन्हात गुणक गाळून O(n³) आणि O(n) एवढेच लिहितात. O(n) चा अर्थ असा की n पुरेसा मोठा झाल्यावर वेळ n च्या एखाद्या ठरावीक पटीच्या वर जात नाही. हे चिन्ह जर्मन गणितज्ञ पॉल बाखमान यांनी १८९४ साली वापरले होते आणि डोनाल्ड क्नुथ यांनी १९७६ च्या लेखात संगणकशास्त्रासाठी त्याचा नेमका वापर मांडला.

नेहमीच्या अल्गोरिदमांतही हेच अंतर दिसते. क्रमाने लावलेल्या दहा लाख नोंदींत बायनरी सर्च सुमारे २० तुलनांत नोंद शोधतो, कारण त्याची वाढ O(log n) आहे. त्याच नोंदी क्रमाने लावायला O(n log n) वाढीच्या मर्ज सॉर्टला सुमारे २ कोटी तुलना पुरतात. O(n²) वाढीच्या इन्सर्शन सॉर्टचे काम मात्र वाईट परिस्थितीत लाख-कोटीच्या घरात जाते.

पण n लहान असेल तर गुणकच बाजी मारतो. टिम पीटर्स यांनी २००२ मध्ये पायथनसाठी लिहिलेला टिमसॉर्ट याचा नमुना आहे. मोठ्या यादीसाठी तो मर्ज करतो, पण काही डझन नोंदींचे तुकडे इन्सर्शन सॉर्टच्याच एका प्रकाराने लावतो, कारण तेवढ्या कामात त्याची साधी, हलकी पावले स्वस्त पडतात.

आपला प्रोग्राम कोणत्या वर्गातला आहे, हे घड्याळ लावूनही कळते. माहिती दुप्पट करा आणि वेळ मोजा. वेळ दुप्पट झाला तर वाढ n सारखी, चौपट झाला तर n² सारखी, आठपट झाला तर n³ सारखी. ही मोजणी लहान आकड्यांवर करू नका. तिथे प्रोग्राम सुरू होण्याचा वेळच सगळे झाकून टाकतो. आणि उत्तर आठपट आले, तर नवा संगणक घेण्याआधी अल्गोरिदम बदला.