अक्षतांचा एक क्षण, चौपट सावकाश

दोन वर्षांपूर्वी पुतणीच्या विवाहात अक्षतांचा क्षण संथगतीने टिपण्याचे काम घरच्यांनी माझ्याकडे सोपविले होते. शेवटचे 'सावधान' झाले, शेकडो हात उंचावले आणि मी फोनवर चित्रण केले. रात्री सारे कुटुंब ते पाहावयास बसले, तेव्हा पडद्यावर अक्षतांपेक्षा दिव्यांची लुकलुकच अधिक दिसत होती. उजेड येई, जाई, पुन्हा येई. वधूवरांचे चेहरे क्षणात उजळत, क्षणात काळवंडत. तो क्षण पुन्हा टिपता येणार नव्हता. चूक कोठे झाली हे शोधता शोधता जे उमगले, ते घरातील मंगलकार्याचे चित्रण करणाऱ्या प्रत्येकाच्या उपयोगी पडावे, म्हणून हा लेख.

प्रथम संथगती म्हणजे काय ते पाहू. चलच्चित्र म्हणजे एकापाठोपाठ एक दाखविलेली स्थिर छायाचित्रे. प्रत्येक छायाचित्रास 'फ्रेम' म्हणतात. नेहमीच्या चित्रणात फोन सेकंदाला ३० फ्रेम घेतो आणि तितक्याच दाखवितो. संथगतीसाठी तो सेकंदाला २४० फ्रेम घेतो, पण दाखविताना ३०च्याच वेगाने दाखवितो. त्यामुळे एका सेकंदाची घटना आठ सेकंद चालते. येथे गती कृत्रिमरीत्या ताणलेली नसते. मधल्या प्रत्येक क्षणाचे खरे चित्र हाती असते. म्हणूनच हवेत फिरणारा तांदळाचा दाणा स्पष्ट दिसतो. आठपटीहून अधिक संथ करावयास गेलो, तर मात्र चित्रे पुरत नाहीत. मग संकलनाचे ॲप एकच फ्रेम पुन्हा दाखविते, त्याने चित्र अडखळते. किंवा दोन फ्रेमांवरून मधली फ्रेम अंदाजाने रचते, आणि मग दाण्यांच्या कडा विरघळल्यासारख्या दिसतात.

आता त्या लुकलुकीकडे वळू. आपल्याकडील विजेची सेकंदाला ५० आवर्तने होतात आणि प्रत्येक आवर्तनात दिवा दोनदा उजळतो, दोनदा मंदावतो. म्हणजे सेकंदाला १०० वेळा उजेड कमीजास्त होतो. ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी दिव्यांत हा फरक मोठा असतो. डोळ्यांना तो जाणवत नाही. परंतु २४० फ्रेमांचे चित्रण आठपट संथ केले की तीच लुकलुक सेकंदाला सुमारे बारा वेळा दिसू लागते. यावर उपाय एकच: प्रत्येक फ्रेम बरोबर १/१०० सेकंद प्रकाश घेईल असे शटर ठेवणे, म्हणजे प्रत्येक फ्रेममध्ये दिव्याचे एक पूर्ण चढउतार सामावते. पण सेकंदाला २४० फ्रेम घ्यावयाच्या, तर एका फ्रेमला १/२४० सेकंदाहून अधिक वेळ मिळूच शकत नाही. १२० फ्रेम घेतल्या तरी १/१२० हीच मर्यादा. तेव्हा अशा दिव्यांखाली २४० आणि १२० हे दोन्ही पर्याय सोडावेत. सेकंदाला ६० फ्रेम घ्याव्यात आणि ज्या ॲपमध्ये शटर स्वतः ठरविता येते, त्यात ते १/१०० वर ठेवावे. गती केवळ निम्मी होईल, पण उजेड स्थिर राहील. सूर्यप्रकाश लुकलुकत नाही. तेथे २४० निर्धास्तपणे वापरावे. दिवे कसे आहेत हे कार्याआधीच पडताळता येते. सभागृहात दहा सेकंदांचे चित्रण करून तेथेच पाहावे. भिंत 'श्वास घेत असल्यासारखी' दिसली, तर दिवे लुकलुकणारे आहेत.

मंद उजेडात आणखी एक अडचण येते. २४० फ्रेम घेताना प्रत्येक फ्रेमला ३०च्या चित्रणाच्या तुलनेत जास्तीत जास्त एक अष्टमांश वेळच उजेड मिळतो. तो कमी पडला की फोन चित्र कृत्रिमरीत्या उजळवितो आणि रेशमी शालूवर वाळू पसरल्यासारखे कण दिसतात. म्हणून संथगतीला भरपूर प्रकाश हवा.

गेल्या मार्गशीर्षात भाच्याच्या विवाहात पुन्हा संधी आली. मुहूर्त सकाळचा होता आणि मांडव अंगणात मोकळा होता. आयफोनच्या सेटिंग्जमधील कॅमेरा विभागात 'Record Slo-mo' खाली '1080p HD at 240 fps' निवडले. फोन तिकाटण्यावर बसविला, वराच्या चेहऱ्यावर बोट दाबून धरले आणि 'AE/AF LOCK' ही अक्षरे उमटू दिली. त्यामुळे मध्येच कोणाचा हात आडवा आला तरी उजेड व स्पष्टता बदलली नाही. शेवटच्या चरणाच्या आरंभीच चित्रण सुरू केले. बहिणीच्या फोनवर नेहमीच्या गतीने तोच प्रसंग आवाजासह टिपला. कारण संथ चित्रासोबत आवाजही ओढला जातो आणि मंगलाष्टक ओळखू येत नाही.

संकलनासाठी त्यातील चार सेकंद निवडले. सर्व आठपट संथ केले असते, तर ते बत्तीस सेकंद चालले असते आणि पाहणारा कंटाळला असता. म्हणून पहिले दीड सेकंद नेहमीच्या गतीने ठेवले: हात उंचावतात. अक्षता हवेत असतानाचा एक सेकंद चौपट संथ केला. शेवटी अक्षता मस्तकी पडल्यावर पुन्हा नेहमीची गती. प्रथम हे बदल एकदम केले, तेव्हा गाडीला अचानक ब्रेक लागावा तसा झटका जाणवला. मग वेगाच्या रेषेवरील दोन बिंदू एकमेकांपासून ०.४ सेकंद दूर सारले आणि मधली रेषा वळणदार केली: आरंभी हळूहळू उतरणारी, मध्ये झपाट्याने, शेवटी पुन्हा हळूहळू स्थिरावणारी. असा प्रत्येक उतार पडद्यावर सुमारे पाऊण सेकंद घेतो. सगळे मिळून दृश्य पावणेआठ सेकंदांचे झाले. उतार हात वर जात असतानाच ठेवला, अक्षता सुटण्याच्या किंचित आधी. हालचाल चालू असता झालेला बदल डोळ्यांना खटकत नाही, स्थिर दृश्यात केलेला मात्र लगेच दिसतो.

तरी एक दोष उरला. नेहमीच्या गतीचा भाग काहीसा तुटक भासत होता. ॲप तेथे दर आठव्या फ्रेमचाच उपयोग करते आणि प्रत्येक फ्रेम अत्यल्प काळ उघडी राहिल्याने हातांच्या हालचालीत नेहमीची पुसट छटा उरत नाही. म्हणून आरंभाचा तो भाग बहिणीच्या फोनवरील चित्रणातून घेतला आणि संथ भाग त्यास जोडला. आवाज आदिपासून अंतापर्यंत तिच्याच फोनचा, अखंड ठेवला.

फाइलविषयी एक सूचना. काही फोन चित्रण आधीच ताणून साठवितात. चार सेकंदांचे चित्रण बत्तीस सेकंदांचे दिसले, तर तसे समजावे. त्यास पुन्हा संथ केल्यास ते अडखळणारच. अशा वेळी नेहमीच्या गतीसाठी वेग आठपट करावा लागतो. नातेवाइकांकडून मूळ चित्रण मागविताना ते व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून न घेता 'डॉक्युमेंट' म्हणून मागवावे. एरवी ते आकुंचित होऊन येते आणि संथगतीचा साठा वाटेतच नष्ट होतो.

ते पावणेआठ सेकंद पाहताना माझी वहिनी एकाएकी म्हणाली, "अहो, ही पाहा आई!" गर्दीच्या मागे उभ्या असलेल्या आमच्या आईंनी अक्षता टाकल्या नव्हत्या, मूठ मिटूनच त्या नातवाकडे पाहत होत्या. मग मूठ उघडली. त्या दिवशी मांडवात हे कोणाच्याही ध्यानात आले नव्हते.