मागचा पडदा वाचवताना

जुन्या स्टुडिओत काढलेला नवराबायकोचा फोटो घराघरात असतो. ती खुर्चीत बसलेली, तो बाजूला उभा आणि मागे रंगवलेला पडदा. त्या पडद्यावर खांब, कठडा, बागेतल्या पायऱ्या असं काहीतरी चितारलेलं असतं. असाच एक ४ बाय ६ इंचाचा कृष्णधवल फोटो माझ्याकडे दुरुस्तीला आला. चेहरे शाबूत होते, पण उजवीकडचा वरचा कोपरा ओलीने तपकिरी झाला होता आणि उरलेला पडदा पिवळट, फिका पडला होता. घरच्यांचं म्हणणं होतं, "मागचं सगळं काढून टाका, साधा करडा रंग द्या."

मी आधी नकोच म्हटलं. पडदा बदलणं सोपं दिसतं, पण त्यात फोटोचा काळ पुसला जातो. शिवाय डागाखाली पडदा बहुतेक वेळा जिवंत असतो. आपल्याला तो दिसत नाही, एवढंच.

तो शोधायचा तर स्कॅन नीट हवा. फोटो कृष्णधवल असला तरी स्कॅन रंगीतच करावा, ६०० डीपीआयवर, शक्य असेल तर ४८ बिट रंगात, आणि टिफ फाइल ठेवावी. स्कॅनरची आपोआप रंग सुधारण्याची सोय बंद करावी. रंगीत स्कॅनमध्ये लाल, हिरवा आणि निळा असे तीन थर असतात. पिवळा-तपकिरी डाग निळा प्रकाश शोषतो, म्हणून निळ्या थरात तो काळाकुट्ट दिसतो. लाल प्रकाश मात्र तो बराचसा परत पाठवतो, त्यामुळे लाल थरात तोच डाग जवळजवळ विरघळतो. GIMP मध्ये `Colors > Components > Decompose` मध्ये RGB निवडलं की हे तिन्ही थर वेगळे पाहता येतात. या फोटोत लाल थर उघडला आणि कोपऱ्यातल्या डागाखालून खांबाचा माथा वर आला. ब्रश अजून हातातही घेतला नव्हता!

याला मर्यादा आहेत. फोटो हाताने रंगवलेला असेल तर लाल कुंकू, गुलाबी गाल लाल थरात फिके पडतात. तिथे हा थर फक्त पडद्यापुरता वापरावा. निळ्या शाईची अक्षरं उलट लाल थरातच जास्त ठळक होतात. आणि जिथे चित्राची चांदीच झिजून गेली आहे, तिथे कुठलाच थर काही परत आणत नाही.

आमच्या फोटोत एक गोष्ट लाल थरातही उरली, ती म्हणजे डागाची कडा. ओल पसरताना मळ कडेला नेऊन सोडते आणि त्या काळपट रेषेला रंग नसतो, त्यामुळे ती तिन्ही थरांत दिसते. ती हातानेच काढावी लागली. आधी माणसांभोवती मास्क केला, मग पडद्याचा उजेड-काळोख कर्व्हजने सावरला आणि शेवटी रेषेवर क्लोन टूल चालवलं. कठड्याचा एक खांब रेषेखाली तुटला होता. त्याच्या शेजारचा धड खांब त्यावर बसवला, कारण चित्रकाराने ते सारखेच रंगवले होते. काम नीट झालंय का, हे पाहायला वर एक तात्पुरता, तीव्र कॉन्ट्रास्टचा कर्व्हज थर ठेवावा. एरवी न दिसणारे ठिगळ लगेच उघडे पडतात.

पडदा बदलावाच लागतो तो कागद फाटून गेला असेल किंवा बुरशीने चित्र खाल्लं असेल तेव्हा. अशा वेळी फसगत तीन ठिकाणी होते. पहिली केसांच्या कडेला. कातरल्यासारखी कडा आली की माणूस चिकटवलेला वाटतो. पडदा उजळ असेल तर जुन्या फोटोतल्या केसांची कड Multiply या मोडने नव्या पडद्यावर ठेवली की भुरभुरते केस टिकतात. दुसरी पायांपाशी. खुर्चीच्या पायाखालची सावली पुसली गेली की खुर्ची तरंगते, म्हणून जमीन शक्यतो मूळचीच ठेवावी. तिसरी पोतात. संगणकाने केलेला करडा रंग गुळगुळीत असतो, तर स्कॅनमध्ये रवाळपणा असतो. नवा पडदा किंचित धूसर करून त्यावर तेवढाच नॉइज घालावा आणि चेहऱ्याशेजारी शंभर टक्के आकारात ताडून पाहावा. नॉइज घातल्याने करड्या छटांचे पट्टेही दिसत नाहीत.

या घरच्यांनी शेवटी खांब-कठड्याचाच पडदा ठेवला. तुम्ही स्वतः काम करा किंवा स्टुडिओत द्या, मूळ स्कॅनची टिफ फाइल मागून घ्या आणि तिच्यावर कधीही काही सेव्ह करू नका. पडदा बदलला असेल तर फाइलच्या नावातच तसं लिहा, म्हणजे पुढच्या पिढीला तो खरा वाटणार नाही.