बाटली बोलते, पण खरं बोलते का?

मंगरूळपीरचा आठवडी बाजार भरला की भाजीच्या पाट्यांशेजारी औषधाच्या बाटल्याही मांडलेल्या दिसतात. सांधेदुखीचं तेल, पोटाचं चूर्ण, बाळंतिणीसाठी अरिष्ट. बाटलीवर नामांकित कारखान्याचं नाव असतं. किंमत मात्र दुकानापेक्षा कमी असते. माणूस म्हणतो, "नाव ओळखीचं आहे, घेऊन टाकू."

पण नाव छापायला नुसता छापखाना पुरतो. म्हणून बाटली घेताना नाव वाचून थांबू नये. पुढचंही वाचावं.

आपल्या देशात औषधांचा कायदा १९४० साली झाला. १९६४ साली त्यात दुरुस्ती होऊन आयुर्वेदिक औषधंही नीट त्याखाली आली. हे औषध विकणाऱ्याला औषधविक्रीचा परवाना लागत नाही. म्हणून ते हातगाडीवरही दिसतं. पण औषध बनवणाऱ्याला सरकारी परवाना लागतोच. त्या परवान्याचा क्रमांक, बनवणाऱ्याचं नाव व पत्ता, बॅच नंबर, औषध बनवल्याची तारीख आणि ते कधीपर्यंत वापरावं ती तारीख, हे सगळं लेबलावर असावंच लागतं. 'आयुर्वेदिक औषध' असे शब्दही लागतात.

बॅच म्हणजे काय? आपण पापड्या तळतो तेव्हा एका वेळी एक घाणा निघतो. कारखान्यातही एका वेळी औषधाचा एक घाणा तयार होतो. त्या घाण्याला दिलेला नंबर म्हणजे बॅच नंबर. परवाना सांगतो, औषध कोणी बनवलं. बॅच सांगते, कोणत्या घाण्यातलं आहे. तारीख सांगते, तो घाणा कधी निघाला.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, मंगरूळपीरजवळच्या खेड्यात एका घरी सून बाळंत झाली आहे. सासूने बाजारातून दशमूलारिष्टाची मोठी बाटली आणली. तिचा भाचा मंगरूळपीरला औषधाच्या दुकानात कामाला आहे. तिने त्याला फोन केला.

"बापू, बाटली साठ रुपयांनं स्वस्त भेटली. पण टोपण फिरवलं तं कडकन वाजलंच नाही. सुनेले देऊ का?"

"नको, मामी. अजून देऊ नका. आधी मले बाटलीचे फोटो पाठवा. खोकाही फेकू नका."

भाच्याने चार फोटो मागितले. पहिला, समोरून पूर्ण बाटलीचा. दुसरा, टोपण आणि त्याखालच्या कड्याचा. तिसरा, परवाना, बॅच आणि तारखा छापल्या आहेत त्या जागेचा. चौथा, खोक्यावरच्या त्याच मजकुराचा.

फोटो दिवसाउजेडी, ओसरीत काढावा. फोनचा दिवा लावू नये. चकचकीत कागदावर उजेडाचा डाग पडतो आणि नेमके आकडे झाकले जातात. बाटली गोल असते. कडेची अक्षरं वाकडी दिसतात. म्हणून बाटली थोडी थोडी फिरवून दोन फोटो काढावेत. फोटोत ३ आणि ८ सारखे दिसू शकतात, म्हणून आकडे फोनवर वाचूनही दाखवावेत. लेबल इंग्रजीत असेल तर शाळेत जाणाऱ्या मुलाकडून वाचून घ्यावं.

फोटो आले. भाच्याने दुकानातली त्याच कारखान्याची तेवढीच बाटली शेजारी ठेवली.

आधी परवाना पाहिला. क्रमांक हुबेहूब तोच. पत्ताही तोच. मग बाटली खरी ठरली का? नाही. ज्याने लेबलाची नक्कल केली, त्याने क्रमांकाचीही नक्कल केली. परवाना नसेल तर बाटली घेऊच नये. पण परवाना छापला आहे, एवढ्यावर बाटली खरी ठरत नाही.

काही बाटल्यांवर चौदा आकड्यांचा क्रमांक असतो. तो खाद्यपदार्थाचा परवाना आहे. तेवढाच असेल तर तो माल औषध म्हणून बनवलेला नाही.

मग भाच्याने बॅच पाहिली. त्याच्या दुकानातल्या बाटलीवर बॅच आणि तारीख काळ्या शाईने, जरा तिरकी उमटली होती. कारण लेबलं आधी हजारोंनी छापून ठेवतात. बॅच मागाहून, औषध भरताना उमटवतात. मामीच्या बाटलीवर मात्र बॅच बाकीच्या मजकुराच्याच रंगात, त्याच छपाईत होती. म्हणजे कोणीतरी एक बाटली समोर ठेवून सगळं लेबलच एकदम छापलं असावं. तरी ही केवळ शंका झाली. काही कारखाने बॅच लेबलाबरोबरच छापतात.

पण पुढची गोष्ट पक्की होती. खोक्यावर एक बॅच आणि बाटलीवर दुसरी. खोक्यावरची तारीख मार्चची आणि बाटलीवरची आधीच्या नोव्हेंबरची. एका खोक्यातल्या एका बाटलीला दोन जन्मतारखा कशा असतील?

टोपणाखाली एक कडं असतं. टोपण पहिल्यांदा फिरवलं की ते कडकन तुटून सुटं होतं. मामीच्या बाटलीचं कडं आधीच सुटं होतं, आणि कडेला डिंकासारखं काही वाळलेलं दिसत होतं.

शेवटी भाच्याने कारखान्याला फोन केला. फोन नंबर मामीच्या बाटलीवरचा घेतला नाही. नकली लेबलावरचा नंबरही नकली असू शकतो. त्याने दुकानाच्या खरेदीच्या बिलावरचा नंबर घेतला. विचारलं, "ही बॅच तुमची का? कोणत्या औषधाची? केवढ्या बाटलीची?"

उत्तर आलं, "बॅच आमचीच. पण ती २२५ मिलिलिटरच्या बाटलीत भरली होती. ४५० च्या बाटलीत भरलीच नाही."

मामीची बाटली ४५० ची होती. इथे नक्कल उघडी पडली. नक्कल करणारा प्रत्येक आकडा उचलू शकतो. पण सगळे आकडे एकमेकांशी जुळवणं त्याला अवघड जातं. म्हणून एकटा आकडा तपासू नका. खोका, बाटली, तारीख आणि कारखान्याची नोंद यांचा मेळ बसतो का, ते पाहा.

फोटोलाही मर्यादा आहे. आत काय भरलं आहे, ते फोटोत दिसत नाही. ते प्रयोगशाळेतच कळतं. फोनवरून माल मागवणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं. विक्रेता दाखवतो तो फोटो पुष्कळदा दुसऱ्याच, चांगल्या बाटलीचा असतो. हातात आलेल्या बाटलीचे फोटो आपण स्वतः काढावेत.

शंका आली तर औषध घेणं थांबवावं. आधीच घेतलं असेल आणि त्रास होत असेल, तर बाटली घेऊनच डॉक्टरांकडे जावं. बाटली फेकू नये, उरलेलं ओतू नये. बाटली, खोका आणि बिल जपून ठेवावं. मग अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करावी. त्यांचा बिनपैशाचा फोन नंबर १८००२२२३६५ आहे. औषध निरीक्षक दुकानातून किंवा गाडीवरून नमुना घेऊन प्रयोगशाळेत पाठवू शकतात. बिल असेल तर माल कोणी विकला ते दाखवता येतं. म्हणून घेतानाच बिल मागावं आणि त्यावर बॅच लिहून घ्यावी.

आणि एक काम आपल्याच घरचं आहे. रिकामी बाटली आपण लेबलासकट भंगारवाल्याला देतो. तीच बाटली पुन्हा भरली, तर तिच्यावरचं लेबल, परवाना, बॅच सगळं खरंखुरं असतं. खोटं असतं ते आतलं औषध. अशी बाटली ओळखणं सर्वांत कठीण. म्हणून बाटली देण्याआधी लेबल ओलं करून खरवडून काढा. खोका फाडून टाका.