भागीदारीतील नफ्याची वाटणी

भागीदारी संस्थेचा वार्षिक नफा भागीदारांमध्ये विभागण्याच्या पद्धतीस नफ्याची वाटणी असे म्हणतात. लहान व्यवसायांत ती गुंतवलेले भांडवल, कामाचे तास आणि जबाबदारी या तीन आधारांवर ठरवता येते.

== कायदेशीर तरतूद ==
भारतीय भागीदारी अधिनियम, १९३२ मधील कलम १३ नुसार, वेगळा करार नसल्यास सर्व भागीदारांना नफ्यात समान वाटा मिळतो आणि तोटाही समान सोसावा लागतो. व्यवसायात केलेल्या कामाबद्दल मोबदला मागता येत नाही. म्हणजेच निम्म्याहून अधिक भांडवल घालणारा आणि दिवसभर राबणारा असे दोघेही कायद्याच्या दृष्टीने सारखेच ठरतात. त्यामुळे वाटणीच्या अटी भागीदारी करारपत्रात लिहिणे आवश्यक असते.

== वाटणीचे टप्पे ==
प्रथम भांडवलावर ठरलेल्या दराने व्याज दिले जाते. त्यानंतर काम करणाऱ्या भागीदारांना तास व जबाबदारीनुसार मोबदला मिळतो. उरलेला नफा ठरलेल्या प्रमाणात विभागला जातो.

== उदाहरण ==
एका मसाला उद्योगात अ, ब आणि क यांचे भांडवल अनुक्रमे ६ लाख, ३ लाख व १ लाख रुपये आहे. अ प्रत्यक्ष काम करत नाही. ब उत्पादनाचे काम वर्षाला २,४०० तास करतो. क १,२०० तास काम करतो, परंतु विक्री व वसुलीची जबाबदारी त्याच्यावर आहे. म्हणून ब यास तासाला १०० रुपये आणि क यास १२५ रुपये असा दर ठरला आहे. व्याज व मोबदला देण्यापूर्वीचा नफा ७,९०,००० रुपये आहे.

{| class="wikitable"
! भागीदार !! व्याज (१०%) !! मोबदला !! उर्वरित नफा (समान) !! एकूण
|-
| अ || ६०,००० || – || १,००,००० || १,६०,०००
|-
| ब || ३०,००० || २,४०,००० || १,००,००० || ३,७०,०००
|-
| क || १०,००० || १,५०,००० || १,००,००० || २,६०,०००
|}

केवळ भांडवलाच्या प्रमाणात वाटणी केली असती, तर अ यास ४,७४,००० रुपये आणि क यास अवघे ७९,००० रुपये मिळाले असते.

== नफा अपुरा पडल्यास ==
वरील व्याज व मोबदला मिळून ४,९०,००० रुपये होतात. पुढील वर्षी नफा २,४५,००० रुपयेच झाला, तर करारपत्रातील शब्दरचना निर्णायक ठरते. दोन्ही रकमा सारख्या प्रमाणात घटवाव्यात असे नमूद असल्यास प्रत्येकास निम्मी रक्कम मिळते. अ यास ३०,००० रुपये मिळतात. याउलट, मोबदला हा नफा असो वा नसो द्यावयाचा खर्च मानला असल्यास संस्थेला १,४५,००० रुपये तोटा होतो. कलम १३ नुसार भांडवलावरील व्याज नफ्यातूनच देय असल्याने अ यास व्याज मिळत नाही, शिवाय तोट्याचा तिसरा हिस्सा, सुमारे ४८,३३३ रुपये, त्याच्या खात्यावर पडतो.

== मर्यादा ==
तासांवर आधारलेल्या मोबदल्यासाठी हजेरीची नियमित नोंद लागते. ती नसल्यास वर्षअखेरीस तासांचे दावे पडताळता येत नाहीत. तसेच केवळ तास मोजल्यास संथ कामाला अधिक मोबदला मिळू शकतो; म्हणून तासांची कमाल मर्यादाही करारपत्रात ठरवता येते.