‘प्रत्येक’ खरे कधी ठरते?

‘इंद्रायणी भीमेला मिळते आणि भीमा कृष्णेला मिळते’ हे वाक्य खरे आहे की खोटे, हे ठरवणे सोपे आहे. ‘आणि’च्या अलीकडचे विधान खरे आहे, तुळापूरला तो संगम डोळ्यांनी पाहता येतो. पलीकडचेही खरे आहे, भीमा रायचूरजवळ कृष्णेत जाते. दोन्ही विधाने खरी, म्हणून सबंध वाक्य खरे. ‘किंवा’, ‘नाही’, ‘जर-तर’ यांनी जोडलेल्या वाक्यांचीही हीच रीत. तुकड्यांची सत्यता कळली की अख्ख्या वाक्याची सत्यता त्यांवरून निघते.

आता दुसरे वाक्य पाहू : ‘अशी एक नदी आहे, जिच्यापर्यंत प्रत्येक नदीचे पाणी पोचते.’ तर्कशास्त्राच्या भाषेत ते असे मांडतात : ‘असा एक य आहे की, प्रत्येक क्ष बाबत, क्ष चे पाणी य पर्यंत पोचते.’ क्ष आणि य हे चल आहेत. ‘प्रत्येक’ आणि ‘असा एक’ या शब्दांना संख्यापक म्हणतात. या वाक्याचे तुकडे करायला गेलो की अडचण येते. दोन्ही संख्यापक काढले, तर मागे राहते ‘क्ष चे पाणी य पर्यंत पोचते’. हे खरे की खोटे? दोन्ही नाही. क्ष म्हणजे कोण आणि य म्हणजे कोण, हे सांगितल्याखेरीज त्या प्रश्नालाच अर्थ नाही. ज्या तुकड्याला स्वतःची सत्यता नाही, त्याच्यावरून अख्ख्या वाक्याची सत्यता काढायची कशी?

संख्यापक आणि चल यांची चिन्हलिपी गोटलोब फ्रेग या जर्मन तर्कशास्त्रज्ञाने 1879 मध्ये मांडली. पण अशा वाक्याच्या सत्यतेची पायरीपायरीने काटेकोर व्याख्या मिळाली ती वॉर्साच्या आल्फ्रेड टार्स्की यांच्या 1933 सालच्या पोलिश प्रबंधात. टार्स्कींनी थेट सत्यतेला हात घातला नाही. आधी त्यांनी एक वेगळी गोष्ट ठरवली : चलांना अमुक वस्तू नेमून दिल्या, तर सूत्राची पूर्तता होते का? अपुऱ्या तुकड्यालाही हा प्रश्न विचारता येतो. सत्यतेची पाळी त्यानंतर, अगदी शेवटी येते.

हे प्रत्यक्ष कसे चालते ते नद्यांवरच करून पाहू. आधी विचारक्षेत्र ठरवायचे, म्हणजे आपण कोणकोणत्या वस्तूंबद्दल बोलत आहोत ते. आपल्या विचारक्षेत्रात तीनच नद्या ठेवू : इंद्रायणी, भीमा आणि कृष्णा. मग ‘पोचते’ या संबंधाचा अर्थ पक्का करायचा. नैसर्गिक प्रवाहाने जाणारे पाणी तेवढे धरायचे, कालव्याने वळवलेले नाही. मधल्या नदीतून गेलेले पाणीही पोचले असे मानायचे, आणि प्रत्येक नदीचे पाणी तिच्या स्वतःपर्यंत पोचतेच असे समजायचे. एवढे ठरले की इंद्रायणीचे पाणी इंद्रायणी, भीमा आणि कृष्णा या तिघींपर्यंत पोचते. भीमेचे पाणी भीमा आणि कृष्णा या दोघींपर्यंत, आणि कृष्णेचे फक्त कृष्णेपर्यंत.

आता नेमणूक. नेमणूक म्हणजे प्रत्येक चलाला विचारक्षेत्रातली एकेक वस्तू देणे. समजा एका नेमणुकीत क्ष ला भीमा आणि य ला इंद्रायणी मिळाली. ‘क्ष चे पाणी य पर्यंत पोचते’ या सूत्राची पूर्तता ही नेमणूक करत नाही, कारण भीमेचे पाणी इंद्रायणीत जात नाही. नेमणुका उलटसुलट केल्या, तर पूर्तता होते.

‘प्रत्येक’ आणि ‘असा एक’ यांचे नियम याच पायावर उभे आहेत. ‘प्रत्येक क्ष बाबत’ने सुरू होणाऱ्या सूत्राची पूर्तता हातातली नेमणूक करते का, हे पाहायचे तर त्या नेमणुकीत फक्त क्ष ची वस्तू बदलायची आणि बाकी सगळ्या चलांच्या वस्तू जागच्या जागी ठेवायच्या. विचारक्षेत्रातली प्रत्येक वस्तू क्ष ला देऊन पाहायची. दर वेळी उरलेल्या सूत्राची पूर्तता झाली, तरच मूळ सूत्राची पूर्तता झाली. ‘असा एक य आहे’चा नियमही असाच. फक्त य बदलायचा, बाकीचे तसेच ठेवायचे, आणि निदान एका वेळी पूर्तता झाली तरी पुरे.

आपले वाक्य ‘असा एक य आहे’ने सुरू होते. क्ष ला भीमा आणि य ला इंद्रायणी, या मघाच्याच नेमणुकीपासून निघू. पहिले काम य बदलण्याचे. य ला इंद्रायणीच राहू दिली आणि क्ष ला एकेक नदी दिली, तर इंद्रायणी चालते, पण भीमेपाशी अडते. तेव्हा हा य बाद. य ला भीमा दिली, तर इंद्रायणी आणि भीमा चालतात, कृष्णा अडते. हाही बाद. य ला कृष्णा दिली, तर तिघींचेही पाणी तिच्यापर्यंत पोचते. निदान एक य सापडला, म्हणून आपल्या नेमणुकीने सबंध वाक्याची पूर्तता केली.

सुरुवातीला क्ष ला भीमा दिली होती, त्याचे पुढे काय झाले? काहीच नाही. य चा संख्यापक आला तेव्हा आपण य च्या सगळ्या पर्यायांतून गेलो, क्ष चा आला तेव्हा क्ष च्या सगळ्या पर्यायांतून. आरंभीच्या निवडी पुसल्या गेल्या. ज्या वाक्यात एकही चल मोकळा नाही, म्हणजे प्रत्येक चल कुठल्या ना कुठल्या संख्यापकाच्या ताब्यात आहे, त्याचा निकाल आरंभीच्या नेमणुकीवर अवलंबून राहत नाही. एका नेमणुकीने पूर्तता केली, तर सगळ्याच करतात. म्हणून शेवटची पायरी अशी : सगळ्या नेमणुका ज्याची पूर्तता करतात ते वाक्य त्या विचारक्षेत्रात खरे. इथे येऊन ‘नेमणूक’ हा शब्द मागे पडतो आणि निखळ ‘खरे’ उरते. उलट ‘क्ष चे पाणी कृष्णेपर्यंत पोचते’ यासारख्या सूत्रात क्ष मोकळाच असतो. त्याच्या बाबतीत नेहमी ‘कोणत्या नेमणुकीत?’ असे विचारावे लागते.

याच तीन नद्यांत गोदावरी आणली की चित्र बदलते. य ला कृष्णा द्या, गोदावरी अडते. य ला गोदावरी द्या, बाकीच्या तिघी अडतात. चारांपैकी एकही य टिकत नाही, आणि तेच वाक्य खोटे ठरते. आता पाचवा म्हणून बंगालचा उपसागर घ्या. य ला उपसागर दिला की चारही नद्यांचे पाणी तिथे पोचते, उपसागर स्वतःपर्यंत पोचतोच, आणि वाक्य पुन्हा खरे होते. म्हणून ‘हे वाक्य खरे आहे का?’ हा प्रश्न विचारक्षेत्र सांगितल्याशिवाय पुरा होत नाही.

चार नद्यांच्या त्याच विचारक्षेत्रात संख्यापकांची अदलाबदल करून पाहू : ‘प्रत्येक क्ष बाबत असा एक य आहे की, क्ष चे पाणी य पर्यंत पोचते.’ आता क्ष आधी ठरतो आणि तो धरून ठेवून य शोधायचा असतो. कृष्णेसाठी य म्हणून कृष्णा चालते, गोदावरीसाठी गोदावरी चालते. दर क्ष ला वेगळा य घ्यायची मुभा आहे, म्हणून हे वाक्य खरे. आधीच्या क्रमात एकच य निवडून तो सगळ्या क्ष ना पुरवायचा होता. शब्द तेच, नद्या त्याच, तरी एक वाक्य खोटे आणि दुसरे खरे. एका वेळी एकच चल बदलायचा आणि बाकीचे धरून ठेवायचे, हा नियम म्हणूनच जपावा लागतो. दोन्ही चल एकदम बदलू दिले, तर हा भेद हातातून निसटतो.

कोणी म्हणेल, नेमणुकांचा एवढा खटाटोप कशाला? क्ष च्या जागी सरळ नावे घालून वाक्ये बनवू आणि ती सगळी खरी आहेत का ते पाहू. आपल्या चार नद्यांपुरते ते चालेल, कारण प्रत्येकीला नाव आहे. वास्तव संख्यांबाबत मात्र ते अडते. कोणत्याही भाषेतले नाव म्हणजे ठरावीक अक्षरांची सांत माळ. अशा माळा अनंत असल्या, तरी त्या एक, दोन, तीन अशा क्रमाने लावता येतात. वास्तव संख्या तशा रांगेत बसवता येत नाहीत, हे गेओर्ग कँटर यांनी सिद्ध केले आहे. म्हणजे कितीही नावे पाडली, तरी अनेक संख्या बिननावाच्या राहणारच. एखादी गोष्ट नाव असलेल्या प्रत्येक संख्येला लागू पडेल आणि एखाद्या बिननावाच्या संख्येपाशी फसेल, आणि नावे घालून तपासणाऱ्याला त्याचा पत्ताही लागणार नाही. नेमणूक चलाला नाव देत नाही, थेट वस्तूच देते. त्यामुळे तिच्यातून कोणी सुटत नाही.

विचारक्षेत्र रिकामे असेल, तर मात्र ही व्याख्या अडखळते. चलाला द्यायला वस्तूच नाही, म्हणून एकही नेमणूक शक्य नाही. मग ‘सगळ्या नेमणुका पूर्तता करतात’ हे कुठल्याही वाक्याबद्दल बिनविरोध म्हणता येते, अगदी ‘काहीतरी अस्तित्वात आहे’ याबद्दलही. हा घोळ टाळायला बहुतेक पाठ्यपुस्तके सुरुवातीलाच अट घालतात की, विचारक्षेत्रात निदान एक वस्तू हवी.

खरे असणे म्हणजे काय, एवढेच ही व्याख्या सांगते. ते तपासायचे कसे, हे ती सांगत नाही. तीन नद्यांत दोन्ही एकच वाटतात, कारण सगळे पर्याय बोटांवर मोजून संपतात. ‘दोनपेक्षा मोठी प्रत्येक सम संख्या दोन मूळ संख्यांची बेरीज असते’ हे गोल्डबाख यांचे अनुमान घ्या. ते खरे असणे म्हणजे काय, हे व्याख्येने नेमके कळते : क्ष ला अशी कोणतीही सम संख्या द्या, बेरीज जुळवणाऱ्या दोन मूळ संख्या मिळाल्या पाहिजेत. संगणकाने 4 वर 18 शून्ये एवढ्या संख्येपर्यंत हे पडताळले आहे आणि एकही संख्या अडलेली नाही. तरी पुढे अनंत संख्या शिल्लक आहेत, आणि अनुमान अजून सिद्ध झालेले नाही.

म्हणून विचारक्षेत्र अनंत झाले की तपासणी अशक्यच, असे कोणाला वाटेल. तेही खरे नाही. नैसर्गिक संख्यांची बेरीज आणि गुणाकार यांबद्दलच्या कोणत्याही वाक्याचा खरे-खोटेपणा ठरवून देणारी एकच यांत्रिक रीत असू शकत नाही, हे 1936 मध्ये अलोन्झो चर्च यांच्या कामातून स्पष्ट झाले. वास्तव संख्या तर नैसर्गिक संख्यांहून कितीतरी अधिक, पण त्यांची बेरीज, गुणाकार आणि लहान-मोठेपणा यांबद्दलच्या वाक्यांसाठी अशी रीत आहे. वाक्यातला एकेक संख्यापक काढून टाकत ती शेवटी साध्या गणितावर येते, आणि प्रत्येक वाक्याचा निकाल सांत पायऱ्यांत देते. ही रीतही टार्स्की यांनीच शोधली. दोन्ही ठिकाणी सत्यतेची व्याख्या अक्षरशः एकच आहे. ती तपासता येते की नाही, हे विचारक्षेत्रावर आणि त्यातल्या संबंधांवर ठरते. वस्तूंची संख्या अनंत आहे, एवढ्यावरून ते सांगता येत नाही.